५ एप्रिलचं कोडं

>> ब्रिटनमधे टॅक्स इयर ५ एप्रिललाच का संपतं? ३१ डिसेंबर का नाही?

अहो, हे सगळं जुन्या कॅलेंडरमुळे झालंय. इंग्लंडात १७५१ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि भाडी, हिशोब, देणी पण त्याच सुमारास चुकती व्हायची. मग १७५२ मधे ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला, म्हणजे मधले ११ दिवस गायब! पण कर पूर्ण ३६५ दिवसांचा हवा ना, म्हणून हिशोबाची तारीख ११ दिवस पुढे, २५ मार्चवरून ५ एप्रिलवर गेली. वैयक्तिक करासाठी ती आजही तीच आहे, त्यामुळे ५ तारखेला मिळालेला पगार एका वर्षात आणि ६ ला मिळालेला पुढच्या वर्षात धरतात. सरकारचं स्वतःचं आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चलाच संपतं.