X² ची घनता न काढता अपेक्षित मूल्य

> «X हा −1 ते 2 मध्ये एकसमान वितरित आहे. X² च्या अपेक्षित मूल्यासाठी आधी X² ची घनता काढावीच लागते का? मला 8/9 येते, पुस्तकात 1 आहे.»

नाही, लागत नाही. X ची घनता 1/3 आहे; x² ला तिने गुणून −1 ते 2 संकलन केले की (1/3)·(8+1)/3 = 1 मिळते. X ची किंमत x च्या आसपास पडण्याची जी संभाव्यता, तेच वजन x² या किमतीला मिळते, मग दोन वेगवेगळे x एकाच वर्गाला जात असले तरी त्यांची वजने आपोआप बेरजेत येतात.

तुमची चूक नेमकी इथेच झाली असावी. Y = X² ची घनता 1/(6√y) ही 1 ते 4 मध्येच बरोबर आहे; 0 ते 1 मध्ये +√y आणि −√y असे दोन्ही बिंदू येत असल्याने ती दुप्पट, म्हणजे 1/(3√y) होते. सगळीकडे 1/(6√y) धरल्यास उत्तर 8/9 येते खरे, पण त्या घनतेचे 0 ते 4 संकलन 2/3 भरते, 1 नव्हे, आणि हा ताळा मी तरी कधीच चुकवत नाही. योग्य घनतेने 2/9 + 7/9 = 1 येते.

एक मर्यादा मात्र महत्त्वाची आहे: ज्या g(X) चे अपेक्षित मूल्य हवे, वर X² होते तसे, त्या |g(x)| चे घनतेसह संकलन सान्त हवे. याच X साठी 1/X घेतल्यास −1 ते 1 मधले भाग परस्परांना छेदून (ln 2)/3 उरल्यासारखे वाटते, परंतु शून्याच्या दोन्ही बाजूंना संकलन अनंत होत असल्यामुळे तेथे अपेक्षित मूल्य अस्तित्वातच नाही.