मदत हवी आहे: फ्लॅटच्या इसारापैकी काही रक्कम विक्रेते रोख मागत आहेत

मृण्मयी_क
आम्ही जुना फ्लॅट विकत घेत आहोत आणि परवापर्यंत ५ लाख रुपये इसार द्यायचा आहे. विक्रेते म्हणतात की साडेतीन लाख बँकेतून द्या आणि उरलेले दीड लाख रोख द्या. त्या रोख रकमेच्या ते १५,००० रुपयांच्या दहा वेगवेगळ्या पावत्या, वेगवेगळ्या तारखांना देतील. असे करणे चालते का? कृपया लवकर सांगावे.

अविनाश_देश
काळजी करू नका. रोखीची मर्यादा २ लाखांची आहे आणि तुमची रक्कम त्याच्या आत आहे. पावत्या मात्र जपून ठेवा.

शुभांगी_करसल्लागार
अविनाशजी, २ लाखांची मर्यादा सर्वसाधारण व्यवहारांसाठी आहे. स्थावर मालमत्तेच्या आगाऊ रकमेसाठी १ जून २०१५ पासून वेगळी आणि कडक तरतूद आहे: २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम विक्रेत्याला रोखीने स्वीकारता येत नाही, मग पुढे व्यवहार पूर्ण होवो अथवा न होवो. पावत्यांचे तुकडे करूनही सुटका होत नाही, कारण आधी घेतलेली रक्कम पुढच्या रकमेत मिळवून पाहिली जाते; दुसरी पावती फाडताच बेरीज ३०,००० होते.

मृण्मयीताई, फ्लॅटची एकूण किंमत किती आहे, मालक किती आहेत, आणि पैसे कोणाच्या खात्यात मागितले आहेत?

मृण्मयी_क
किंमत ६२ लाख आहे. मालक एकच गृहस्थ आहेत. खाते त्यांच्या मुलाचे दिले आहे, ते लिहायचे राहिले. दंड कोणाला होतो? त्यांनाच होत असेल तर आम्ही का अडून बसायचे?

शुभांगी_करसल्लागार
दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रोख रकमेइतका असू शकतो. तुमचे नुकसान वेगळ्या ठिकाणी आहे. व्यवहार मोडला, तर साठेखतात केवळ साडेतीन लाखांचा उल्लेख असेल आणि बँकेच्या उताऱ्यातही तेवढेच दिसतील. दीड लाख परत करतानाही विक्रेत्याला रोखीची हीच मर्यादा लागू होते. त्यामुळे जी रक्कम घेतल्याचे त्यांनाच दाखवायचे नाही, ती ते बँकेतून परत का करतील, याचा विचार करा.

कोकणकडा७१
माझा अनुभव सांगतो. मी घर भाड्याने घेताना ३ लाख अनामत खातेआदेशित धनादेशाने दिली आणि करारात धनादेशाचा क्रमांक लिहून घेतला. सोडताना मालकाने रंगकामाचे पैसे कापले, तेव्हा तोच क्रमांक उपयोगी पडला. अनामतीलाही २०,००० चीच मर्यादा आहे ना?

शुभांगी_करसल्लागार
त्याबाबत मतभेद आहेत. भाड्याची अनामत ही ठेव मानायची की नाही यावर वाद होतात. म्हणूनच बँकेचा मार्ग बरा. पण इथे प्रश्न खरेदीच्या इसाराचा आहे.

किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यामुळे इसारावरही १ टक्का करकपात करावी लागेल, अर्थात विक्रेते भारतातील रहिवासी असतील तर. पूर्ण ५ लाख बँकेतून दिल्यास ५,००० रुपये कापून ४,९५,००० पाठवा. कापलेला कर, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरा आणि प्रमाणपत्र विक्रेत्याला द्या. पावतीवर मात्र ५,००,००० मिळाल्याचे लिहून त्याची ४,९५,००० आणि ५,००० अशी फोड दाखवा, नाही तर पुढे इसार कमी दिल्याचा वाद निघतो. त्यांचा पॅन आधारशी जोडलेला आहे का, हेही आधी विचारा. पॅन निष्क्रिय असेल तर कपातीचा दर फार वाढतो.

अविनाश_देश
२ लाखांबाबत माझी चूक झाली. पण मुलाकडे मुखत्यारपत्र असेल तर त्याच्या खात्यात पैसे पाठवायला हरकत नसावी.

शुभांगी_करसल्लागार
मुखत्यारपत्रात मोबदला स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असेल तर तो विचार करता येईल. त्यासाठी वकिलांनी ते वाचायला हवे. मी मात्र मालकाच्याच खात्याचा आग्रह धरीन, कारण पावती देणारा, पॅनधारक आणि खातेदार एकच असला की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम आरटीजीएसने पाठवता येते. खाते जोडताना पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते, ते खरेदीखतावरील नावाशी ताडून पाहा. प्रथम १ रुपया पाठवा, मग उरलेली रक्कम. आणि यूटीआर क्रमांक पावतीत व साठेखतात लिहून घ्या.

मृण्मयी_क
आताच विक्रेत्यांशी बोलले. पूर्ण रक्कम बँकेतून घ्यायला ते तयार आहेत, परंतु खाते मुलाचेच हवे म्हणतात. मुखत्यारपत्र आहे, पण त्याची प्रत उद्या दाखवतील. प्रत वकिलांनी वाचेपर्यंत मी एक रुपयाही पाठवणार नाही, मग परवाची मुदत गेली तरी चालेल.