रात्रीची बॅच म्हणजे आळस?

वेगवान_वामन: कार्ड फ्रॉड पकडायला रात्री बॅच चालवून सकाळी स्कोअर वापरणं हा निव्वळ आळस आहे. मोठा ट्रान्सफॉर्मर थेट रिअल-टाइम लावा. आमचा सरासरी ४० मिलिसेकंदांत उत्तर देतो. निर्णयवृक्षांची मॉडेलं वापरणारे ट्रीवाले बसलेत अजून मागेच.

रात्रपाळी: सरासरी सांगून कुणाला गंडवताय? पी-९९ सांगा, म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या किती वेळाच्या आत सुटतात ते. आमच्याकडे अख्ख्या तपासणीला १०० मिलिसेकंद मिळतात आणि मॉडेलच्या वाट्याला त्यातले जेमतेम २५ येतात. बाकीचे नेटवर्क, नियम आणि मुख्य म्हणजे फीचर, म्हणजे मॉडेलला लागणारी माहिती, आणण्यात जातात. समजा दहा ठिकाणांहून एकाच वेळी फीचर मागवली आणि प्रत्येक ठिकाण शंभरात एकदाच रेंगाळतं. दहाही वेळेत येण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे साधारण ०.९०. दर दहातला एक व्यवहार कुणासाठी तरी ताटकळतो. वेळ संपली की आमच्याकडे व्यवहार तसाच मंजूर होतो. म्हणजे ऐन गर्दीत तुमचं थोर मॉडेल रजेवर!
म्हणून ग्राहकाच्या ९० दिवसांच्या सवयी आणि दुकानाची जोखीम रात्रीच काढून ठेवतो. दिवसा फक्त शेवटच्या काही मिनिटांची मोजणी आणि बूस्टेड ट्री. साध्या सीपीयूवर काही मिलिसेकंदांत काम होतं.

पावशेर_अक्कल: जीपीयूवर डायनॅमिक बॅचिंग लावा की, येणाऱ्या विनंत्या गटाने सोडवायच्या. दोन्हीचे फायदे मिळतात.

रात्रपाळी: थ्रूपुट वाढेल, मान्य. पण मॉडेल चालवणाऱ्या ट्रायटन सर्व्हरमध्ये `max_queue_delay_microseconds` ५००० ठेवलं, तर पहाटे तीनला आलेली एकटी विनंती जोडीदाराची वाट बघत ५ मिलिसेकंद उगाच उभी राहते. माझ्या २५ मधले ५ गेले ना!

शेवगा: तुमच्या मॉडेलचं कौतुक राहू द्या. दिवाळीत सोनाराकडे माझं कार्ड नाकारलं गेलं, सासूबाईंसमोर! फोन केला तर म्हणे "सिस्टीमला संशय आला". त्याच दुपारी नव्या शहरात पोचले होते. तुमच्या रात्रीच्या सवयींना ते कसं कळणार?

दुपारचा_चहा: ताई, माझंही असंच! पेट्रोल पंपावर. मागे रांग, हॉर्न.

शेवगा: आणि माफी कुणी मागत नाही!

वेगवान_वामन: घ्या. शिळ्या डेटाचे बळी.

रात्रपाळी: बरं बाबा, शहर बदललं हे ऑनलाइन फीचरमध्येच हवं. नव्या ग्राहकाची तर रात्रीच्या टेबलात ओळच नसते, तिथे बॅच आंधळीच. पण यावर उपाय एक ताजं फीचर आहे, तुमचा ट्रान्सफॉर्मर नाही. तो रात्री चालवा, व्यवहारांच्या क्रमावरून एम्बेडिंग, म्हणजे त्यांचा आकड्यांतला सारांश, काढा आणि दिवसा ट्रीला खायला द्या.

पावशेर_अक्कल: मग ट्रेनिंगमध्येही आदल्या रात्रीचंच एम्बेडिंग जोडा. आजचं जोडलंत तर ऑफलाइन आकडे फुगतील आणि लाइव्ह गेल्यावर आपटतील.

रात्रपाळी: आता कसं बोललात! वामनराव, पी-९९?

वेगवान_वामन: सोमवारी बघून सांगतो. ट्री तरीही जुनाटच.