शब्द हवा : नाळ ‘ओढणे’ की नाळेला ‘ताण देणे’?

वैशाली
नर्सताईंच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत आणते आहे. ‘प्रसूतीच्या तिसऱ्या अवस्थेचे सक्रिय व्यवस्थापन’ इथवर ठीक वाटतं. त्यातल्या ‘कंट्रोल्ड कॉर्ड ट्रॅक्शन’ला आधीच्या मसुद्यात ‘नाळ नियंत्रितपणे ओढणे’ असं लिहिलंय. मला ‘ओढणे’ खटकतं, पण का ते नीट सांगता येत नाही.

निनाद
तिसरी अवस्था म्हणजे सातव्या महिन्यानंतरचा काळ ना? मग तेव्हा नाळ कशी ओढणार?

वैशाली
नाही, ती तिसरी तिमाही. ही अवस्था बाळ बाहेर आल्यापासून वार पडेपर्यंतची. एरवी अर्ध्या तासाच्या आत संपते.

गोठेकर
आमच्याकडे म्हैस व्याली की जार पडायची वाट बघतात. पडला नाही तर जुनी माणसं लोंबत्या जाराला दगड बांधायची. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं, कारण जार तुटून अर्धा आत राहायचा. तुमचं ‘ओढणे’ वाचून तेच आठवलं.

माधुरी सिस्टर
गोठेकरदादा, अगदी मुद्द्याचं बोललात. मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये आहे. नवीन मुलींना ‘ओढ’ म्हटलं की त्या एकाच हाताचं काम करतात. खरं काम दोन्ही हातांचं आहे.

परवाचीच बाळंतीण सांगते. बाळ 3 वाजून 10 मिनिटांनी झालं. पोटावर हात फिरवून आत दुसरं बाळ नाही याची खात्री केली आणि मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन दिलं. बाळ आईच्या पोटावर ठेवलं. नाळेचे ठोके थांबल्यावर, दोनेक मिनिटांनी, नाळ कापली. मग क्लॅम्प खाली सरकवून मायांगाजवळ धरला आणि गर्भपिशवी घट्ट व्हायची वाट पाहिली. कळ आल्यावर डावा हात ओटीपोटाखालच्या जघनाच्या हाडाच्या लगेच वर ठेवून पिशवी आईच्या डोक्याच्या दिशेने वर रेटून धरली. उजव्या हाताने नाळेवर खाली एकसारखा ताण ठेवला, झटका अजिबात नाही. अर्ध्या मिनिटात वार सरकली नाही, म्हणून ताण सोडला आणि नुसता क्लॅम्प धरून बसले. पुढच्या कळेला थोडं रक्त भळकन आलं, नाळ लांबली, पिशवी गोल होऊन वर चढली. पुन्हा तसाच ताण दिला. वार दिसल्यावर ती दोन्ही हातांत घेऊन हळूहळू पिळ देत बाहेर काढली, म्हणजे मागची पडदी फाटत नाही. 3 वाजून 18 मिनिटांनी वार ट्रेमध्ये होती. पालथी-सुलथी करून एखादा तुकडा आत राहिलाय का ते पाहिलं. मग पिशवी कडक आहे ना, हे हात लावून पुन्हापुन्हा बघत राहिले.

पिशवी मऊ असताना किंवा डावा हात नसताना ओढलं तर नाळ तुटते. त्याहून वाईट म्हणजे पिशवीच उलटी होऊन खाली येते. पोटावर पिशवीचा गोळा हाताला लागत नाही, खाली लालसर गोळा दिसतो आणि बाई बघता बघता पांढरी पडते.

अमोल
मग यात ‘सक्रिय’ म्हणजे हे ताण देणंच ना? रक्तस्राव त्यानेच कमी होतो.

माधुरी सिस्टर
अर्धं बरोबर. रक्त मुख्यतः इंजेक्शनने थांबतं, कारण पिशवी आकसली की वार सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, त्यात भारतही होता. इंजेक्शन दिलेलं असताना नाळेला ताण दिला नाही तरी गंभीर रक्तस्रावात फारसा फरक दिसला नाही. म्हणून ज्याला हे शिकवलेलं नाही त्याने नाळेला हात लावू नये, इंजेक्शन मात्र चुकवू नये.

सायली
माझ्या वेळी पोट जोरात दाबून वार काढली होती. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. तो हाच प्रकार का?

माधुरी सिस्टर
नाही सायली. यात वरून खाली दाबायचं नसतं, डावा हात उलट वर रेटतो. तुझ्या वेळी तसं का केलं, ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

वैशाली
म्हणजे खटकत होतं ते हेच! ‘ओढणे’मध्ये डावा हात हरवतो. ‘पिशवी वर धरून नाळेला ताण देणे’ असं लिहू का?

अमोल
फार लांब आहे. तक्त्यावर मावणार नाही. ‘नाळ-ताण’ चालेल?

माधुरी सिस्टर
‘नाळेला ताण’ मुलींना लगेच कळेल. पण आमच्याकडे काही आया वारेलाही नाळच म्हणतात, ‘नाळ पुरली’ म्हणतात ना, तशी. ‘वार’ आणि ‘नाळ’ यांचं चित्र शेजारी काढा.

वैशाली
चित्र काढते, डावा हात ठळक. ‘नियंत्रित’चं काय करू? ‘सावकाश’ लिहिलं तर कळेची वाट बघणं त्यात येत नाही.

गोठेकर
‘कळेसोबत’ म्हणा की.