कापणी यंत्राची, मग लावणीला बायका कुठून येणार?

डिचोलीकर: कंबाइन हार्वेस्टर आल्यापासून आमच्याकडची भातकापणीची धावपळ संपली. पण जुलैत लावणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी चढी. यंत्राने मजूर घालवले, की मजूर गेले म्हणून यंत्र आलं?

मेरेवरचा: मजुरीचा दर नको, वर्षाचे दिवस मोजा. समजा एखाद्या बाईला सरद, म्हणजे पावसाळी भातात लावणीचे 12 दिवस, बेणणीचे 6 आणि कापणी-मळणीचे 14 दिवस मिळत होते. एकूण 32. कंबाइनने त्या 14 चे 2-3 केले, तेही भात वाळवण्याचे. राहिले जेमतेम 20. तेवढ्या दिवसांसाठी कोणी वर्षभराची हातची नोकरी सोडून चिखलात उतरत नाही. म्हणजे कापणीचं यंत्र लावणीचाही मजूर घेऊन गेलं. लावणीचा दर चढला तो त्यामुळे.

खाजनवाली: हे उलटं मांडलंय. औद्योगिक वसाहती, हॉटेलं, बांधकामं यांनी माणसं आधी नेली. तिथे महिन्याच्या महिन्याला पगार असतो, शेतात पावसावर. यंत्र नसतं तर भात शेतातच आडवं पडलं असतं. शिवाय कंबाइन सगळीकडे चालतच नाही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीच्या दारातून पाणी वेळेवर निघालं नाही तर ट्रॅकवालं यंत्रही रुततं. आमच्याकडे कोरगुट भात अजून विळ्यानेच कापतात, तरी कापायला बायका नाहीतच. तिथे कोणत्या यंत्राने त्यांना घालवलं?

मेरेवरचा: खाजनाचा मुद्दा बरोबर आहे, तिथे माझा हिशेब अपुरा पडतो. पण खाजनातली बाई फक्त खाजनातच कापत नव्हती. शेजारच्या खेर, म्हणजे पाणी न साचणाऱ्या जमिनीतले दिवसही तिचेच होते. ते गेल्यावर उरलेल्या कामासाठी ती थांबेल कशाला?

नवा_शेतकरी: एवढा वाद कशाला? लावणीचं यंत्र घ्या. एकरी 10-12 बायकांचं काम दोन-तीन तासांत होतं.

मेरेवरचा: तासांचा अंदाज ठीक आहे, पण तो फक्त यंत्र चालण्याचा. खरं काम 15 दिवस आधी सुरू होतं. तरवा शेतात न करता ट्रेमध्ये चटईसारखा वाढवावा लागतो. 4000 चौरस मीटरला साधारण 80 ट्रे. माती चाळून घ्यायची, बी सारखं पेरायचं, रोज पाणी द्यायचं. रोप 14 ते 18 दिवसांचं असतानाच लावायला हवं. हाताने लावायचा तरवा चिखलणी लांबली तर आठवडाभर थांबतो, हा थांबत नाही. विसाव्या दिवसानंतर मुळं एकमेकांत गुंततात, यंत्राची बोटं रोपं फाडतात, एका ठिकाणी झुपका आणि पुढच्या दोन ठिकाणी मोकळं.

दुसरं, चिखल. चिखलणीनंतर तो एक-दोन दिवस बसू द्यायचा. बोटाने रेघ ओढावी: लगेच मिटली तर अजून पातळ आहे, रोपं तरंगतील. हळूहळू मिटली तर लावा. पाणी दोन-तीन सेंटीमीटरच ठेवायचं. पाय गुडघ्यापर्यंत जात असेल तर यंत्र उतरवूच नका.

आणि कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, लहान असतील तर कोपरे हातानेच लावावे लागतात. चटया पोचवायला आणि मोकळ्या जागा भरायला तीन-चार माणसं लागतातच. ती माणसं मात्र लावणी जाणणारी हवीत.

कुळागरवाला: हे सगळं भाताचं झालं. माझा प्रश्न नारळाचा आहे. पाडेली मिळत नाही, मिळाला तर माडामागे पैसे मागतो. शिडी-यंत्र घेतलंय, पण चढायला माणूस लागतोच की.

खाजनवाली: तो वेगळा धागा काढा. तिथे हंगाम नाही, काम वर्षभर आहे. भाताची अडचणच ही की सगळ्यांना एकाच आठवड्यात माणसं हवीत.

नवा_शेतकरी: मग कंबाइन तरी स्वस्त पडतं ना?

खाजनवाली: ते जमिनीच्या आकारावर ठरतं. यंत्र तासावर मिळतं. समजा तासाला 2500 रुपये. सलग 4000 चौरस मीटर तासाभरात होतं. तेवढंच आठ कुणग्यांत वाटलेलं असेल तर मेर ओलांडण्यात आणि वळण्यात वेळ दुप्पट जातो, म्हणजे 5000. शिवाय कंबाइनने कापलेलं भात ओलं असतं. हाताने कापलं तर ते दोन दिवस शेतातच सुकतं. इथे लगेच ताडपत्रीवर पसरावं लागतं, नाहीतर पोत्यात तापून वास येतो. ऑक्टोबरात पाऊस पडला तर जागाच नसते. आणि गवत तुकड्यांत विखुरतं, गुरांसाठी ते गोळा करायला परत माणूस हवा.

मेरेवरचा: म्हणूनच म्हणतो, ज्या वाड्यावर दहा शेतकरी एकाच जातीचं बी लावतात तिथे लावणी चार-चार दिवस मागेपुढे ठेवा. ज्योती लवकर येते, जया उशिरा. दोन्ही वाटून लावल्या तर त्याच बायकांना 12 ऐवजी 18-20 दिवस सलग मिळतात. मजुरी तीच ठेवली तरी त्या येण्याची शक्यता वाढते.

खाजनवाली: उशिरा येणाऱ्या भातासाठी कंबाइन पुन्हा बोलवावं लागेल. बाहेरून आलेलं यंत्र दुसऱ्या फेरीला थांबतं का?

डिचोलीकर: आमच्याकडे नाही थांबत. दोन जाती वाटून लावायच्या झाल्या तर यंत्रवाल्याशी बोलणी तरवा घालण्याआधीच करावी लागतील.