मदत हवी आहे: जिभेखालच्या गोळीने दुखणं गेलं पण बाबांना चक्कर आली, असं का?

मेघना_क: बाबांना जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टरांनी ०.५ मिग्रॅची नायट्रोग्लिसरीन दिलीय. काल जिन्यातच उभ्याउभ्या जिभेखाली ठेवली, दोन-तीन मिनिटांत दुखणं गेलं पण डोळ्यांपुढे अंधारी आली, मी धरलं नसतं तर पडलेच असते. ब्लॉकेज तर आहे तिथेच आहे ना, मग इतक्या लवकर आराम कसा पडतो? आणि गोळी गिळली तर हळू चढेल का, म्हणजे चक्कर येणार नाही?

रानवारा: गोळीने बंद नस उघडते आणि रक्त जायला लागतं, सोपं आहे. चक्कर म्हणजे डोस जास्त झाला, अर्धी द्या.

सिस्टर_आयसीयू: रानवारा, नस थोडी रुंदावते हे खरं, पण जुना कडक ब्लॉकेज त्याने फारसा हलत नाही. खरी गंमत शिरांमध्ये आहे. शिरेच्या भिंतीतल्या पेशी या औषधातून नायट्रिक ऑक्साइड काढतात, त्याने तिथला स्नायू सैल पडतो आणि एवढ्याशा डोसला धमन्यांपेक्षा शिरा जास्त सैलावतात. मग रक्त पायात, पोटात साठून राहतं, हृदयाकडे कमी परत येतं, हृदय कमी ताणलं जातं आणि त्याला ऑक्सिजनही कमी लागतो. पुरवठा फार वाढला नाही तरी मागणी घटली, म्हणून दुखणं थांबलं.
चक्करही त्यामुळेच, उभं असताना रक्त अजूनच खाली उतरतं आणि बीपी पडतं. म्हणून आधी बसवा, मग गोळी. डोस स्वतःहून अर्धा करू नका. आणि गिळू तर नकाच, लिव्हर बरंचसं औषध वाटेतच संपवतं, जिभेखालून ते थेट रक्तात जातं.

आजोळ७: माझ्या आईची गोळी एकदा लागूच पडली नाही, रोजच्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवली होती. हे औषध उडून जातं म्हणे, आता मूळ काचेच्या बाटलीतच ठेवतो. जीभ चुरचुरली नाही तर गोळी बाद समजायची का?

सिस्टर_आयसीयू: चुरचुरण्यावर जाऊ नका, काहींना होतच नाही. बाटलीवरची तारीख बघा.

मेघना_क: म्हणजे गोळीने थांबलं तर दुखणं हृदयाचंच, हे नक्की ना?

सिस्टर_आयसीयू: नाही हो, अन्ननलिकेचा पेटका आला तरी याने आराम पडतो, तिथेही तसलाच स्नायू असतो. आणि उलट, एका गोळीनंतर ५ मिनिटांत कमी झालं नाही किंवा वाढलं तर वाट न बघता ॲम्ब्युलन्स बोलवा. अजून एक, बाबा लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतात का ते संकोच न करता विचारा, त्यासोबत ही गोळी दिली तर बीपी धोकादायक पडतं.

मेघना_क: विचारते. त्यांची बीपीचीही गोळी चालू आहे, सकाळी घेतली की तासाभरात फिरायला जातात आणि कालचं त्याच वेळेला झालं. तिचा काही संबंध असेल का?

रानवारा: असू शकतो. अर्धीचं मी उगाच बोललो, दोन्ही गोळ्या डॉक्टरांना दाखवा.