एकाच चुकीला दोन निकषांत मार्क कापले जातात, याला मराठीत काय म्हणायचं?

केतकी: मूल्यांकनाच्या रुब्रिकबद्दल एक टिपण लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. दोन निकष वरवर वेगळे दिसतात पण प्रत्यक्षात एकाच दोषावर बोट ठेवतात, आणि मग त्या एका दोषाचे मार्क दोन्हीकडे जातात, या प्रकाराला काय म्हणाल? आम्ही बोलताना 'ओव्हरलॅप' म्हणतो. 'आच्छादन' लिहून पाहिलं तर छपरावर ताडपत्री घातल्यासारखं वाटलं. आणि दुसरं म्हणजे असे निकष एकत्र करणं, त्याला 'विलीनीकरण' चालेल का?

उदाहरण देते. अहवाल तपासायचं आमचं रुब्रिक २० मार्कांचं होतं. आशय ५, आधार ५, तर्क ५, सुस्पष्टता ३, वाचनीयता २. एकाच अहवालाला मी १३ दिले आणि माझ्या सहकाऱ्याने १६, आणि गंमत म्हणजे दोघांच्या शेऱ्यात चूक एकच लिहिलेली, 'विधानांना उदाहरणं नाहीत'. मी ते आधारमध्येही कापले आणि तर्कमध्येही, त्याने फक्त आधारमध्ये.

माधव_जोग: 'दुहेरी कपात' म्हणा, सरळ आहे, पगारातली कपात सगळ्यांना माहीत असते.

शब्दवेल्हाळ: कपात हा परिणाम झाला, केतकीताई कारणाला शब्द मागतायत. निकष म्हणजे मुळात कसोटीचा दगड, सोनं घासून बघायचा. तेच सोनं दोन दगडांवर घासलं म्हणून दोनदा कमअस्सल ठरत नाही ना, तसंच हे. मी 'दोषाची द्विरुक्ती' सुचवेन, कारण निकष दोन असले तरी सांगतायत एकच गोष्ट.

समीर७: आमच्याकडे गणितात हे रोज होतं. मुलाने पहिल्या पायरीला ७ × ८ = ५४ लिहिलं की पुढच्या तिन्ही पायऱ्या चुकतात, मग आम्ही चूक झाली तिथेच एक मार्क कापतो आणि पुढे त्याच्याच ५४ वरून रीत बरोबर असेल तर मार्क देतो. त्याला 'चूक पुढे नेली' असं म्हणतो, हाच शब्द घ्या की.

केतकी: समीर, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण तो जरा वेगळा प्रकार ना? तिथे चूक उत्तरात एका पायरीवरून दुसरीवर जाते. इथे उत्तरात चूक एकाच जागी आहे, घोळ आमच्या रुब्रिकमध्ये आहे.

समीर७: हो, बरोबर, मी उत्तराच्या बाजूने बघत होतो.

आरोही: मी बरीच वर्षं रुब्रिकं लिहिते आणि दुसऱ्यांची दुरुस्त करते, म्हणून जरा लांबण लावते. केतकी, तुझ्या २० मार्कांत दोन वेगवेगळे प्रकार आहेत आणि दोन्हीला एक शब्द लावलास तर दुरुस्तीही एकच होईल, तिथेच बिघडेल. आधी हे करून बघ. ज्याला १९ वगैरे मिळालेत असा एक अहवाल घे, त्यातली फक्त उदाहरणं काढून टाक, बाकी शब्दही हलवू नकोस, आणि पुन्हा तपास. मग मूळ अहवाल परत घे, उदाहरणं राहू दे पण निष्कर्ष चुकीचा कर, म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं लिही. एका वेळी एकच दोष घालायचा आणि रुब्रिकच्या किती ओळींत मार्क कमी होतात ते मोजायचं.

माधव_जोग: एवढा उद्योग कशाला, जुन्या शंभर पेपरांचे मार्क शेजारी शेजारी मांडा, ज्या दोन निकषांचे मार्क एकत्र वर-खाली होतात ते एकच आहेत.

आरोही: त्यावरून संशय घ्यायला हरकत नाही, निकाल नका लावू. मन लावून लिहिणारा माणूस आशयातही चांगला असतो आणि भाषेतही, त्यामुळे मार्क एकत्र चालतातच, म्हणून आशय आणि भाषा एक होत नाहीत. दोष मुद्दाम घातला की माणूस तोच राहतो आणि बदललेली गोष्ट एकच असते, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो.

केतकी: करून पाहिलं, काल रात्री बसून. उदाहरणं काढली तर आधार ५ चे २ आणि तर्कही ५ चे २, म्हणजे एका दोषाला ६ मार्क. निष्कर्ष बिघडवला तर आधार ५ च राहिला, तर्क तेवढा २ वर आला. मग सुस्पष्टता-वाचनीयतेसाठी वाक्यं लांबलचक आणि गुंतागुंतीची केली तर दोन्ही पडले, आणि मी खूप प्रयत्न केला पण सुस्पष्ट आहे पण वाचवत नाही किंवा उलट, असा परिच्छेद काही मला लिहिता आला नाही.

आरोही: मग बघ, तर्काला स्वतःचा जीव आहे, त्याला आधारात मिसळू नकोस. तुझ्या तर्काच्या ओळीत 'विधानं सिद्ध केलेली आहेत' असलं काही लिहिलंय का?

केतकी: शब्दशः तेच आहे.

आरोही: तेवढं उचलून आधारात टाक, आणि तर्काला लिही 'दिलेला आधार खरा मानला तर निष्कर्ष त्यातून निघतो'. याला मी 'बांध घालणं' म्हणते, दोन शेतं वेगळीच राहतात फक्त कुणाची हद्द कुठे ते ठरतं. दुसरी जोडी मात्र खरंच एक आहे, तिथे 'एकजीव करणं'. 'एकत्र करणं' नको, कारण एकत्र केल्यावर लोक मध्ये 'आणि' लावतात, 'लेखन सुस्पष्ट आणि वाचनीय आहे', मग तपासणारा पुन्हा दोन गोष्टी शोधायला लागतो. एकजीव झालं की वाक्य एकच उरतं, 'कुठलंही वाक्य अर्थ लागण्यासाठी दुसऱ्यांदा वाचावं लागत नाही'.

शब्दवेल्हाळ: एकजीव! पीठ एकजीव होतं तेव्हा गुठळी राहत नाही, तुमचा 'आणि' ही गुठळीच. विलीनीकरण संस्थांना ठेवा.

माधव_जोग: ठीक, पटलं. मग ३ + २ = ५ मार्कांचा एक निकष झाला, मिटलं.

आरोही: नाही मिटलं, ही चूक मी स्वतः कितीदा केलीय. क्लिष्ट लेखनाचे आधी दोन ओळींत मिळून ५ जात होते, आता एकाच ओळीत ५ जातील, म्हणजे रुब्रिक आटोपशीर दिसेल पण शिक्षा तेवढीच. बेरीज करायच्या आधी विचारायचं की या दोषाची किंमत किती असावी. केतकी, तुला किती वाटते?

केतकी: तीन. जास्तीत जास्त तीन.

आरोही: मग तीनच ठेव. उरलेले २ कुठे द्यायचे हा वेगळा प्रश्न.

केतकी: आशयाला देईन, ५ चे ७.

समीर७: थांबा, मग आशयाची चूक विनाकारण महाग झाली की. मी तर एकूण १८ करेन.

आरोही: १८ शुद्ध आहे, पण शेवटी कुणीतरी ते २० वर ताणणार आणि सगळ्याच ओळी थोड्या थोड्या महागणार. मला स्वतःला अजून याचं एक उत्तर सापडलेलं नाही. काहीही केलंस तरी आधी तपासलेले दहा-बारा अहवाल नव्या रुब्रिकने तपास आणि क्रम कुणाचा बदलला ते बघ. बदलायला हवा तो फक्त ज्यांना दोनदा मार लागला होता त्यांचा.

केतकी: आणि मुळातला शब्द? बांध आणि एकजीव तर घेतले, पण आजाराचंच नाव राहिलं.

शब्दवेल्हाळ: मी द्विरुक्तीवर ठाम आहे.

माधव_जोग: दुहेरी कपात, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

आरोही: माझ्या मते आधार-तर्काला 'हद्दीचा घोळ' म्हण आणि दुसऱ्याला द्विरुक्ती. कपात दोन्हीकडे होते, म्हणून त्या शब्दाने कुठला उपाय करायचा ते कळत नाही.

केतकी: टिपणात सध्या हे दोन्ही लिहिते. सहकाऱ्याला तर्काची नवीन ओळ दाखवून तोच अहवाल पुन्हा तपासायला दिलाय, मी माझे मार्क आधीच लिहून पाकिटात ठेवलेत.